फक्त कापड बदला

कारखान्यात सगळे त्यांना इस्त्रीवाले म्हणत, पण त्यांनी आयुष्यात स्वतःच्या शर्टालासुद्धा धड इस्त्री केली नव्हती. घरी ते काम थोरले भाऊ करत. इस्त्रीवाल्यांचं काम तिसऱ्या मजल्यावर, फोटोखोलीला लागून असलेल्या अरुंद खोलीत, कॉम्प्युटरपुढे चाले. खाली शिवलेल्या कपड्यांचे फोटो निघत, ते त्यांच्याकडे येत, आणि ते त्यातल्या सुरकुत्या काढत. गळ्याची कड वाकडी पडली असेल तर सरळ करत, एक खांदा उतरला असेल तर उचलत. मग ते फोटो कॅटलॉगमध्ये जात आणि दुकानदार त्यावरून माल मागवत. त्यांच्या हातून गेलेला कपडा इतका सपाट दिसे की पहिल्याच महिन्यात कोणीतरी त्यांना ते नाव देऊन टाकलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

त्याआधी बरीच वर्षं ते एका फोटो स्टुडिओत होते. तिथे काचेखाली दिवा लावून, निगेटिव्हवर पेन्सिलीनं ते लोकांचे चेहरे दुरुस्त करत. देवीचे वण पुसत, डोळ्याखालची काळी वर्तुळं उजळत. लग्न जमवायचे फोटो तर हमखास त्यांच्याकडे. मालक गिऱ्हाइकाला सांगे, "आमच्याकडे जादूगार आहे, चिंता सोडा." एकदा एक बाई गेलेल्या मुलीचा फोटो मोठा करून घ्यायला आल्या. फोटोत मुलगी हसत होती आणि तिचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. त्यांनी तो शेजारच्या दातांच्या ओळीत आणून बसवला. बाईंनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "छान आहे हो, पण ही कोण?" त्यांनी दात पुन्हा होता तसा करून दिला. बाई गेल्यावर ते मालकाला म्हणाले, "काही लोकांना चांगलं झालेलं बघवत नाही." त्यांना त्या प्रसंगात त्याहून अधिक काही दिसलं नाही.

त्यांच्या हाताला ती सवयच होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं. भाऊ आणि वहिनींकडेच राहत. जेवायला बसण्याआधी तिघांची ताटं ते एका ओळीत आणत. भिंतीवरचं कॅलेंडर जाता-येता सरळ करत. दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, मितभाषी माणूस. ते एवढंच म्हणत, "हा माझ्याकडे बघायला लागला की मी आपोआप ताठ बसतो."

स्टुडिओ बंद पडला तेव्हा वहिनींनीच त्यांना कारखान्यात लावून दिलं. वहिनी दुसऱ्या मजल्यावर नमुन्यांच्या खोलीत मास्तरीण होत्या. डिझाइनरनं कागदावर काढलेला कपडा पहिल्यांदा कापून, शिवून उभा करायचा, हे त्यांचं काम. ब्राउनपेपरवर एकेक भाग आखायचा, कापायचा, मग त्यावरून कापड. त्यांची तिथली पंचवीसेक वर्षं झाली होती आणि मॅनेजरही त्यांच्याशी बोलताना आवाज खाली ठेवी. दीर-भावजय सकाळी एकत्र निघत, जिन्यात वेगळे होत. दिवसभरात एकमेकांच्या कामाविषयी त्यांचं बोलणं होत नसे. वहिनींच्या मते फोटोचं काम हे कपडा झाल्यानंतरचं, आणि इस्त्रीवाल्यांच्या मते शिवणकाम हे फोटोच्या आधीचं. दोघांच्या मध्ये एक मजला होता आणि तो दोघांनाही पुरे वाटे.

त्या वर्षी एक नवी डिझाइनर आली. वयानं तिशीच्या आत, अंगानं किरकोळ, आणि बोलायची इतकी कमी की लोक तिला शिष्ट समजत. तिनं एक ड्रेस केला. गडद हिरवं जॉर्जेट, अंगालगत उतरणारा, खाली घोट्याकडे निमुळता होत जाणारा. त्याची खालची कड सरळ नव्हती. डाव्या गुडघ्याखालून ती निघे आणि तिरपी उतरत उजव्या घोट्यापर्यंत येई. उजव्या बाजूला, जिथे ड्रेस सगळ्यांत लांब होता, तिथे शिवण गुडघ्यापर्यंत उघडी सोडलेली. आणि बाह्या म्हणजे बाह्या नव्हत्याच. खांद्याला जोडलेले दोन सैल पदरासारखे तुकडे होते, पुढून उघडे, मागून कोपराखाली झुलणारे. हात त्यातून मोकळा बाहेर येई. केप बाही म्हणतात तिला. वहिनींनी तो ड्रेस उभा करायला चांगले दोन आठवडे घेतले, आणि शेवटच्या दिवशी त्या डिझाइनरला म्हणाल्या, "पोरी, डोकं खाल्लंस, पण चीज झालं." डिझाइनर हसली. कारखान्यात ती हसलेली लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

जॉर्जेटचा ड्रेस बरा खपला. मग एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदीवाल्या बाईंचा निरोप आला, की हाच ड्रेस लिननमध्ये, मखमलीत, सॅटिनमध्ये आणि चौकड्याच्या सुती कापडात कसा दिसेल ते दाखवा. चार नमुने शिवायचे, मग मॉडेल बोलवायची, मग फोटो, एवढा वेळ कोणाकडे नव्हता. मॅनेजर तिसऱ्या मजल्यावर आला. जॉर्जेटचा फोटो पडद्यावर होताच. तो म्हणाला, "इस्त्रीवाले, हा नवा प्रोग्रॅम घेतलाय ना आपण? त्याला सांगायचं, तो करतो. बाकी कशाला हात लावायचा नाही. फक्त कापड बदला."

प्रोग्रॅम खरोखरच हुशार होता. फोटो द्यायचा, हवं ते कापड टाइप करायचं, आणि मिनिटभरात तीच मुलगी, त्याच जागी, लिननचा ड्रेस घालून उभी. इस्त्रीवाले खुश झाले. लिननची खरखर, मखमलीचा तो खोल काळोख, सॅटिनची चमक, सगळं हुबेहूब. त्यांनी चित्र मोठं करून कापड तपासलं, कारण त्यांना कापडच बदलायला सांगितलं होतं.

प्रोग्रॅमनं मात्र कापडाबरोबर बाकीचंही थोडं आवरून घेतलं होतं. त्यानं जगातले हजारो ड्रेस पाहिलेले, आणि बहुतेकांची कड सरळच असते. लिननच्या चित्रात त्यानं कडेचा उतार निम्मा केला होता आणि उजवीकडची उघडी शिवण मिटवून तिथे नुसती एक रेघ ठेवली होती. मखमलीत केप बाहीची पुढची उघडी बाजू जोडून टाकली होती, त्यामुळे ती साधी घोळदार बाही झाली होती. सॅटिनमध्ये उतार होता, पण उलट्या बाजूनं. इस्त्रीवाल्यांच्या नजरेला यातलं काही खटकलं नाही असं नाही. लिननच्या चित्रात उरलेला तो निम्मा उतार त्यांना खटकला. धड सरळ नाही, धड तिरपा नाही. त्यांनी तो हातानं पूर्ण सरळ केला. चौकड्याच्या चित्रात प्रोग्रॅमनं तिरपी कड ठेवली होती, पण चौकड्याच्या आडव्या रेघा सरळ आणि खालची कड त्यांना कापत जाणारी. हे तर त्यांना उघड चूक वाटलं. रेघ सुरू होते आणि मध्येच कापली जाते, असं कसं? त्यांनी कड रेघेला समांतर आणून बसवली. मग चारही चित्रं एकसारखी दिसावीत म्हणून सगळ्यांच्या कडा, बाह्या जुळवून घेतल्या. काम नीटनेटकं झालं. संध्याकाळी घरी जाताना ते वहिनींना म्हणाले, "आज मोठं काम हातावेगळं केलं."

"कसलं?" वहिनींनी विचारलं, पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या रजेवर गेल्या.

खरेदीवाल्या बाईंनी चित्रं पाहिली. लिनन आणि चौकडा पसंत केला आणि त्या दोन चित्रांवर सही करून पाठवली. नमुन्यांच्या खोलीत वहिनींच्या जागी दुसरा मास्तर होता. त्याच्यापुढे एका बाजूला वहिनींनी कापलेले ब्राउनपेपर आणि दुसऱ्या बाजूला सही झालेली चित्रं. दोन्ही जुळत नव्हती. तो विचारायला मॅनेजरकडे गेला. मॅनेजरनं चित्राकडे बोट दाखवलं, "सही कशावर आहे? मग तसंच शिवा." मास्तरानं तसंच शिवलं. आखूड बाजू घोट्यापर्यंत लांबवली, उघडी शिवण मिटवली, केपचा तुकडा बाजूला ठेवून साधी घोळदार बाही लावली. काम त्याचंही सुबक होतं.

फिटिंगच्या दिवशी खोलीत खरेदीवाल्या बाई खुर्चीवर, मॅनेजर त्यांच्या बाजूला, डिझाइनर खिडकीशी. वहिनी रजेवरून त्याच दिवशी हजर झालेल्या. त्या दारातच उभ्या राहिल्या. चित्राशी ताडून बघायला इस्त्रीवाल्यांनाही वर बसू न देता खाली बोलावलं होतं. जिच्या अंगावर नमुने घालून बघत ती फिटिंगवाली पडद्यामागून लिननचा ड्रेस घालून आली. आली म्हणजे, येताना दिसली. इतक्या लहान पावलांनी की खरेदीवाल्या बाईंनी विचारलं, "पायाला काही लागलंय का गं?"

"नाही, ड्रेस आहे," ती म्हणाली.

बघण्यासाठी ठेवलेल्या बुटक्या चौथऱ्यावर ती कशीबशी चढली, वळली, आणि उतरताना तिनं नेहमीसारखं पाऊल टाकलं. पाऊल अर्ध्यातच अडलं. खाली निमुळता, चारी बाजूंनी बंद, आणि लिनन ताणलं जाणारं कापड नव्हे. ती पुढे कलली आणि तिनं हँगरांचा स्टँड धरला. स्टँड तिच्याबरोबर निघाला. डिझाइनर आणि वहिनी दोघी धावल्या. मुलगी पडली नाही, पण कपडे सगळे जमिनीवर आले, आणि ड्रेसची उजवी शिवण गुडघ्यापर्यंत टरकली.

"घ्या," वहिनी खाली वाकून शिवण बघत म्हणाल्या, "ड्रेसनं स्वतःच मागून घेतली आपली स्लिट."

फिटिंगवाली हसली, मग मॅनेजर हसला, कारण खरेदीवाल्या बाई हसल्या. डिझाइनर हसली नाही. ती म्हणाली, "हा माझा ड्रेस नाही."

"असं कसं? ह्यावर माझी सही आहे." बाईंनी चित्र पुढे केलं.

डिझाइनरनं चित्र पाहिलं. मग मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनं इस्त्रीवाल्यांकडे पाहिलं, आणि मग खोलीतल्या सगळ्यांनीच.

"मी फक्त कापड बदललं," इस्त्रीवाले म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मनात ते तसंच होतं. वहिनी बाहेर गेल्या आणि हिरवा जॉर्जेटचा ड्रेस हँगरवर घेऊन आल्या. तो त्यांनी स्टँडला अडकवला आणि चित्र त्याच्याशेजारी धरलं. इस्त्रीवाल्यांनी त्या दिवसापर्यंत तो ड्रेस प्रत्यक्ष पाहिलेलाच नव्हता. पंख्याच्या वाऱ्यानं त्याची लांब बाजू हलत होती, उघडी शिवण मिटत आणि उघडत होती. ते चित्राकडे पाहत, ड्रेसकडे पाहत, पुन्हा चित्राकडे. त्यांचे कान लाल झाले.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "ही कड वाकडी झालेली नाही. वाकडी केलेली आहे."

त्या रात्री जेवताना कोणी फारसं बोललं नाही. दादांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "कारखाना जळला का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग वाढ."

इस्त्रीवाल्यांना वाटलं होतं की वहिनी चिडतील, पण त्या चिडलेल्या नव्हत्या, आणि तेच त्यांना जड जात होतं. शेवटी तेच म्हणाले, "मला सांगायचं तरी, की ते मुद्दाम आहे."

"मी सांगणार कधी? तुम्ही विचारलं कधी?"

"मला वाटलं, चूक आहे."

"तुम्हाला सगळंच चूक वाटतं, भाऊजी. मला या घरात आल्यापासून माहीत आहे. माझा भांग तुम्ही दोनदा सुचवून बदलायला लावलात." दादांना ठसका लागला. ते पाणी प्यायले आणि त्यांनी पुन्हा मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाले वर गेले नाहीत. दुसऱ्या मजल्यावर थांबले. इतक्या वर्षांत ते त्या खोलीत कामासाठी असे कधी आलेच नव्हते. लांब टेबल, त्यावर खडू, कात्र्या, लोखंडी वजनं. वहिनींनी ड्रेसचे ब्राउनपेपर खिळ्यावरून काढून टेबलावर पसरले आणि वजनं ठेवली. खालच्या भागाच्या कागदावर कड तिरपी कापलेली होती, पण मधोमध वरून खाली एक बाण काढलेला होता, अगदी उभा.

"हा कसला बाण?"

"कापडाचा उभा धागा या बाणावर यायला हवा. कड कितीही तिरपी असो, धागा उभाच राहतो." त्यांनी चौकड्याचा तुकडा आणून कागदाखाली सारला. बाण उभ्या रेघेवर बसवला. "आता बघा, रेघा कडेला कशा येतात."

आडव्या रेघा कडेपर्यंत येऊन एकेक करून कापल्या जात होत्या. पायऱ्या पायऱ्यांनी. प्रोग्रॅमनं दाखवलं होतं तसंच. इस्त्रीवाल्यांनी तो तुकडा स्वतः थोडा फिरवून पाहिला, रेघा कडेला समांतर आल्या. "असं केलं तर?"

"तर कापड तिरकं लागलं. अंगावर गेल्यावर पीळ खाणार, एका बाजूला ओढणार. चित्रात असं दिसलं तर माझ्यासारखी बाई म्हणणार, घालणारीनं ड्रेस फिरवून घातलाय."

मग त्यांनी केपचा कागद दाखवला. तो बाहीच्या कागदासारखा नव्हताच. मोठ्या चकतीतून मधला गोल काढून एक फाक कापावी तसा. "हा गोलाईत कापलेला, म्हणून झुलतो. खांद्यावर रेघा उभ्या दिसतील, मागे कोपराकडे येईपर्यंत तिरप्या होतील. एकाच तुकड्यात. तुम्ही सगळीकडे सारख्या रेघा चिकटवल्यात. त्या कागदी वाटतात."

इस्त्रीवाले ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "लिननमध्ये हा असाच झुलेल?"

वहिनी पहिल्यांदा थांबल्या. टेबलाखालून लिननचा उरलेला तुकडा काढून त्यांनी केपचा कागद लावला, भराभर कापला, आणि खांद्याला टाचण्यांनी टोचून पुतळ्यावर अडकवला. शेजारी हँगरवर असलेल्या हिरव्या ड्रेसचा जॉर्जेटचा केप पाण्यासारखा खाली उतरत होता. लिननचा बाजूला उभा राहिला, दिव्याच्या शेडसारखा.

"कागद तोच, कापड वेगळं," त्या म्हणाल्या. "आता डिझाइनरला जे हवंय ते दिसायला हवं असेल, तर मला घेर कमी करावा लागेल. मखमलीत तर स्लिटची कड आत दुमडली की लाकडासारखी जाड होईल, तिथे आतून पातळ अस्तराची पट्टी लावून उलटवायची. सॅटिन उरेबात, म्हणजे तिरपं कापलं तिथे, लोंबकळतं, म्हणून शिवून झालं की दिवसभर टांगून ठेवायचं आणि मगच खालची कड कापायची, नाहीतर उतार आपोआप वाढतो."

"म्हणजे फक्त कापड बदलायचं म्हटलं तरी तुम्ही सगळंच बदलता."

"डिझाइन तेच राहावं म्हणून बदलते. तुम्ही डिझाइन बदललंत आणि बाकी सगळं तेच ठेवलंत."

हे बोलताना त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. कात्री चालवतानाचा जो आवाज असतो तोच होता. डिझाइनर मागे येऊन उभी होती ते दोघांना कळलं नव्हतं. ती म्हणाली, "लिननचा असा उभा राहिलेला मला आवडलाय. पण हातापासून इतका लांब नको. अर्धा." वहिनींनी पुतळ्यावरच एक चुणी घेऊन घेर अर्धा केला. डिझाइनरनं मान हलवली. मग ती इस्त्रीवाल्यांकडे वळली. ते माफी मागायच्या तयारीत होते, पण तिनं विचारलं, "चित्रात हे असं दाखवता येईल?"

"बघतो," ते म्हणाले.

पुढचा आठवडा त्यांनी नव्या प्रोग्रॅमला फक्त कापडाचा पोत काढायला ठेवलं आणि बाकी सगळं हातानं केलं. जुन्या फोटोतल्या ड्रेसची बाह्यरेषा आधी कापून तिला कुलूप लावल्यासारखी बंद करून ठेवली. रंग त्या रेषेबाहेर जाणार नाही आणि आतही कमी पडणार नाही अशी. कुलूप फक्त एका जागी उघडं ठेवलं, केपच्या बाहेरच्या कडेला, कारण लिननचा केप जॉर्जेटच्या रेषेत मावणार नव्हता. पुतळ्यावर अर्ध्या घेराचा केप होता तेवढीच जागा त्यांनी दिली, त्याहून केसभरही जास्त नाही. उघड्या शिवणीतून ड्रेसची आतली बाजू दिसत होती. तिथे कापडाची उलटी बाजू लागणार, हे त्यांनी खाली जाऊन विचारून घेतलं, आणि मखमलीच्या चित्रात ती बिनचमकीची केली. जॉर्जेटमधून दंड अंधुक दिसत होता. लिननमधून दिसणार नव्हता, म्हणून तो झाकला, पण केपच्या पुढच्या उघड्या बाजूतून बाहेर येणारा हात तसाच ठेवला. पायावर पडणारी कडेची सावली तिरपी ठेवली. जॉर्जेटच्या बारीक बारीक चुण्या पुसून लिननला मोजक्या, जाड घड्या दिल्या. चौकडा केपवर फिरवायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. रेघा पुतळ्यावर कशा वळतात ते बघायला ते दिवसातून कितीतरी वेळा जिना उतरत. वहिनी म्हणाल्या, "एवढ्या वेळात मी नवा शिवून दिला असता." आणि खरोखरच दोन दिवसांत त्यांनी लिननचा नवा नमुना उभा केला, अर्ध्या घेराचा केप, तिरपी कड, उघडी उजवी शिवण.

खरेदीवाल्या बाई पुन्हा आल्या. फिटिंगवाली चौथऱ्यावर चढली, उतरली, खोलीत दोन फेऱ्या मारून आली. चित्र आणि ड्रेस शेजारी धरून बाईंनी पाहिले. लिननचा घेतला, चौकडाही घेतला. मखमल नको म्हणाल्या. सॅटिनबद्दल नंतर कळवते म्हणाल्या आणि कधीच कळवलं नाही. जायला उठल्यावर त्यांनी सहज विचारलं, "तो आधीचा होता ना, सरळ कडेचा, मोठ्या बाहीचा? त्याला बाजूला जरा चालण्यापुरती फट दिलीत तर तोही चालेल मला."

डिझाइनरनं खांदे उडवले. "चालेल. पण त्याखाली माझं नाव नको."

तो ड्रेसही निघाला. दुसऱ्या मास्तरानं शिवला, मॅनेजरनं त्याला कॅटलॉगमध्ये वेगळा क्रमांक दिला, आणि तो हिरव्या ड्रेसपेक्षा बराच जास्त खपला. एकदा मॅनेजर थट्टेनं इस्त्रीवाल्यांना म्हणाला, "काय, तुमचा ड्रेस जोरात आहे." इस्त्रीवाले म्हणाले, "माझा नाही तो. तो कोणाचाच नाही." हे ते गंभीरपणे म्हणाले की नाही ते मॅनेजरला कळलं नाही. त्या ड्रेसचा फोटो त्यांच्याकडे सुरकुत्या काढायला आला तेव्हा त्यांनी तो बाकीच्या फोटोंसारखाच केला. चांगला केला.

डिझाइनर पुढे दीड वर्ष राहिली आणि दुसरीकडे गेली. जाताना वहिनींना मिठी मारून गेली. इस्त्रीवाल्यांना तिनं फक्त "येते" म्हटलं, पण तेवढ्यासाठी ती तिसऱ्या मजल्यावर चढून आली होती.

इस्त्रीवाल्यांच्या कामाचा वेग मात्र कमी झाला तो कायमचाच. आता कोणताही फोटो हातात घेण्याआधी ते प्रत्यक्ष कपडा मागवत, आणि कुठे काही वाकडं, उघडं, आखूड-लांब दिसलं की दुसऱ्या मजल्यावर फोन लावत. "हे असंच आहे का?" नमुन्यांच्या खोलीतल्या लोकांना त्याचा वैताग येई. वहिनी फोनवर असल्या तर उत्तर देत, नसल्या तर दुसरा मास्तर "असंच आहे, असंच आहे" म्हणून ठेवून देई.

एकदा थंडीच्या मालाचे फोटो आले, पण कपडे तोवर बाहेरगावी दाखवायला गेले होते. त्यात एका ब्लाउजची पुढची पट्टी एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर होती, आणि गळ्याशी एक टोक उगाच उभं. इस्त्रीवाले त्या फोटोपुढे बराच वेळ बसले. फोन लावला तर मास्तर म्हणाला, "असंच आहे." म्हणून त्यांनी ते टोक तसंच ठेवलं. फार निगुतीनं ठेवलं. त्याखालची सावली नीट केली, काठाची शिवण उठून दिसेल अशी केली, आणि कापड निळ्याचं करड्या रंगाचं करायचं होतं ते कडेच्या बाहेर जराही न जाऊ देता केलं. फोटो संध्याकाळी वहिनींच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणाले, "हे डिझाइन जरा धाडसीच आहे नाही?"

वहिनींनी चष्मा लावला. फोटो जवळ घेतला. मग चष्मा काढला आणि टेबलाला धरून हसत सुटल्या, इतक्या की शेजारच्या मशीनवरची बाई पाय थांबवून बघायला लागली.

"भाऊजी, अहो, पोरीनं घाईत बटण चुकीच्या काजात घातलंय!"

इस्त्रीवाल्यांनी फोटो परत घेतला, पुन्हा पाहिला, आणि तेही हसायला लागले. मग वर गेले आणि बटणं लावायला बसले.